चाळीस सेकंदांतील प्रामाणिक परीक्षण

गतवर्षी परीक्षेच्या सुमारास आमच्या इयत्ता नववीतील एक विद्यार्थी वर्गात एक पॉवर बँक घेऊन आला. म्हणजे मोबाइल भरण्यासाठी खिशात बाळगावयाची ती विजेची पेटी. त्याचे गाव घाटाखाली, खामगावाहून बऱ्याच अंतरावर. दिवाळीच्या सुटीत कापूस वेचून मिळविलेल्या पैशांतून त्याने ती नऊशे रुपयांस घेतली होती. मोबाइलवर पाहिलेल्या एका चाळीस सेकंदांच्या चित्रफितीत परीक्षण करणाऱ्याने ती हातात नाचवून सांगितले होते की, तिने मोबाइल दोनदा पूर्ण भरतो, ती फार मजबूत आहे आणि सर्वांनी ती अवश्य घ्यावी. आमच्या विद्यार्थ्याला मोबाइल भरावयाचा नव्हता. वीज गेल्यावर यूएसबीचा लहानसा दिवा लावून त्याखाली अभ्यास करावयाचा होता. परीक्षेच्या आदल्या रात्री त्याने दिवा जोडला. तो लागला, आणि दोन मिनिटांनी आपोआप विझला. पुन्हा लावला, पुन्हा विझला. शेवटी त्याने आईच्या चुलीशेजारी बसून उजळणी केली.

त्या चित्रफितीत कोणी खोटे बोलले होते काय? बहुधा नाही. मोबाइल खरोखरच भरत होता. परंतु ती वस्तू कोणाच्या उपयोगाची आणि कोणाच्या नाही, हा प्रश्नच तीत कोणी विचारला नव्हता. तेव्हा आम्ही वर्गात ठरविले की, याच वस्तूचे चाळीस सेकंदांचे परीक्षण आपण स्वतः लिहून पाहू. त्यात खरे गुण, खरे दोष आणि कोणी घ्यावी याचा निवाडा, एवढे तीनच भाग ठेवू. तो प्रयोग कसा झाला, हे विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगण्यासाठी हा लेख आहे.

प्रथम वेळेचा हिशोब. घड्याळ समोर ठेवून निरनिराळ्या मुलांकडून आम्ही मराठी उतारे वाचून घेतले. घाई न करता, ऐकणाऱ्यास समजेल अशा बेताने वाचले असता एका सेकंदास सुमारे दोन शब्द पडतात, असे दिसून आले. म्हणजे चाळीस सेकंदांत ऐंशी शब्द. ऐंशी शब्द हे अंतर्देशीय पत्राचे एक लहान पान होय. त्यात विशेषणांना जागा नसते. मुलांनी लिहिलेल्या पहिल्या मसुद्यात एकशे वीस शब्द होते, आणि त्यांत ‘एकदम जबरदस्त’, ‘एक नंबर’, ‘पैसा वसूल’ असे शब्द मोजून चौदा निघाले. हे शब्द खोडले तेव्हा असे आढळले की, त्यांच्याखाली सांगण्याजोगी माहिती फारशी नव्हती. म्हणून लेखणी खाली ठेवून आधी वस्तू तपासावी असे ठरले.

विद्यार्थ्याची पेटी सदोष निघाली असेल, अशी शंका येणे रास्त होते. सबब आम्ही खामगावातील एका दुकानदाराकडून त्याच जातीची दुसरी पेटी पंधरा दिवसांच्या बोलीने उसनी आणली. आणतेवेळीच त्यांस सांगितले की, जे आढळेल ते तसेच सांगितले जाईल. त्यांनी ते मान्य केले.

तपासणीचा पहिला प्रश्न असा की, मोबाइल खरोखर किती वेळा भरतो? पेटीवर मोठ्या अक्षरांत १०,००० मिलिअँपिअर-तास असे लिहिले होते. आमच्याकडील मोबाइलची बॅटरी ५,००० मिलिअँपिअर-तासांची. दहाला पाचाने भागले की दोन येतात. चित्रफितीतील ‘दोनदा’ हा आकडा येथूनच आला असावा. परंतु हा भागाकार अपुरा आहे. टाकीतील पाणी किती एवढेच पाहून भागत नाही, ते किती उंचीवरून येते हेही पाहावे लागते. त्याचप्रमाणे अँपिअर-तासांना व्होल्टने गुणले म्हणजेच विजेचा खरा साठा वॅट-तासांत कळतो. पेटीच्या आतील बॅटरी ३.७ व्होल्टची असते. १० अँपिअर-तास गुणिले ३.७ बरोबर ३७ वॅट-तास, हा तिचा साठा. मोबाइलच्या बॅटरीचा साठा ५ गुणिले ३.८५, म्हणजे सुमारे १९ वॅट-तास. पेटीतून वीज बाहेर पडताना ती ३.७ वरून ५ व्होल्टांवर चढवावी लागते, मग ती वायरीतून जाते, आणि मोबाइल तिला पुन्हा खाली उतरवून आपल्या बॅटरीत भरतो. या प्रत्येक पायरीवर काही भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो. भरताना मोबाइल कोमट का होतो, याचे उत्तर हेच होय.

किती वाया जाते, हे तर्काने न ठरविता आम्ही मोजले. मोबाइल दहा टक्क्यांवर आणून पेटीला जोडला. तो शंभरावर गेला, म्हणजे ९० टक्के भरला. पुन्हा वापरून दहावर आणला व पुन्हा जोडला. पंचावन्न टक्क्यांवर पेटी रिकामी झाली, म्हणजे आणखी ४५ टक्के मिळाले. एकूण १३५ टक्के, अर्थात सुमारे २६ वॅट-तास. ३७ पैकी २६ हाती आले, उरलेले वाटेत गेले. पेटीच्या पाठीवर भिंगाने वाचावे लागेल अशा बारीक अक्षरांत कंपनीनेच ‘५ व्होल्टवर ६,००० मिलिअँपिअर-तास’ असे छापले होते. ते ३० वॅट-तास होतात, व आमच्या मोजणीशी ते चांगले जुळते. पालकांनी पॉवर बँक घेताना हा बारीक आकडा आधी वाचावा. वस्तूकडून काय मिळेल, हे मोठ्या आकड्यापेक्षा तो अधिक खरेपणाने सांगतो.

येथे वर्गात एक चांगला वाद झाला. काही मुलांचे म्हणणे असे की, तीन दशांश वीज वाया जाते, हा या पेटीचा दोष म्हणून सांगावा. दुसऱ्यांनी विचारले की, अशी वीज वाया न घालविणारी पेटी बाजारात मिळते काय? मिळत नाही; थोड्याफार फरकाने सर्वच पेट्यांत असे होते. तेव्हा ठरले की, जी उणीव त्या जातीच्या सर्वच वस्तूंत असते, ती या वस्तूचा दोष म्हणून मांडू नये; केवळ मोजलेला आकडा साधेपणाने सांगावा. हाच निर्णय उन्हाबाबत झाला. मलकापूर-शेगावकडील उन्हाळा घाटावरच्या बुलढाण्यापेक्षा पुष्कळ कडक. लिथियमची बॅटरी पंचेचाळीस अंशांहून अधिक तापली असता भरू नये, असा सर्वसाधारण नियम आहे. टिनाच्या छपराखाली किंवा उन्हातल्या मोटारीत ही मर्यादा सहज ओलांडली जाते. सूचना महत्त्वाची खरी, पण ती प्रत्येक पॉवर बँकेस लागू पडते. म्हणून ती मुलांनी घरी सांगावी असे ठरले, आणि परीक्षणातून ती गाळली.

उलटपक्षी, काही दोष केवळ दोष दाखविल्यासारखे करण्यासाठी सांगितले जातात. पहिल्या मसुद्यात दोष म्हणून एकच वाक्य होते: ‘ही पेटी एकाच रंगात मिळते.’ अशा दोषाने कोणाचेही नुकसान होत नाही. तो ऐकून श्रोत्यास मात्र वाटते की, एवढाच दोष असेल तर वस्तू उत्तमच असली पाहिजे. म्हणजे दोषाच्या नावाखाली ती स्तुतीच झाली. यासाठी आम्ही एक कसोटी ठरविली. दोष सांगितल्यावर विचारावे, ‘यामुळे कोणाचे अडेल?’ त्या माणसाचे वर्णन करता आले, तर तो दोष खरा.

या कसोटीने दिव्याचा प्रश्न सर्वांत वर आला. उसन्या पेटीला तोच दिवा जोडला. दोन मिनिटांनी विझला. तीन वेळा पाहिले, तिन्ही वेळा तेच. म्हणजे विद्यार्थ्याची एकटीच पेटी बिघडलेली नव्हती. मग दिवाच वाईट असेल काय? तो एका शिक्षकांच्या निराळ्या जातीच्या पेटीला जोडला, तेव्हा तो तासन् तास जळत राहिला. याप्रमाणे वस्तू बदलून पाहिल्याखेरीज दोष कोणाच्या माथी मारावयाचा हे ठरत नाही. कारण असे की, पॉवर बँकेत एक राखणदार मंडल असते. बाहेर जाणारा प्रवाह फार कमी झाला की मोबाइल भरला किंवा काढून घेतला असे समजून ते पेटी बंद करते, जेणेकरून साठा उगाच संपू नये. आमचा दिवा अर्ध्या वॅटचा. ५ व्होल्टवर तो एक दशांश अँपिअर एवढाच प्रवाह ओढतो. या पेटीच्या मंडलास तो प्रवाह म्हणजे काहीच जोडलेले नाही असे वाटे. काही पेट्यांत कळ दोनदा दाबून हा राखणदार थोपविण्याची सोय असते. कानात घालावयाच्या लहान यंत्रांसाठी ती मुद्दाम ठेवलेली असते. या पेटीत ती नव्हती. तेव्हा हा दोष याच पेटीचा ठरला, सर्वांचा नव्हे.

दुसरा दोष ती स्वतः भरण्याच्या वेळेचा. १० वॅटच्या चार्जरने तिला पाच तासांहून थोडा अधिक वेळ लागला. घरी पडलेल्या ५ वॅटच्या जुन्या चार्जरने दहा तास. ज्या गावी वीज तुकड्यातुकड्यांनी येते, तेथे जुना चार्जर वापरणाऱ्यास पेटी एका दिवसात पूर्ण भरणेच कठीण. तिच्यापेक्षा लवकर भरणाऱ्या पेट्या बाजारात आहेत, म्हणून हाही दोष खरा.

आता उसनवारीचा प्रश्न उरला. मुलांस वाटे की, दुकानदाराने पैसे दिले नाहीत, वस्तूही परत करावयाची आहे. मग ते सांगण्याचे कारण काय? परंतु ऐकणाऱ्याच्या दृष्टीने पाहावे. विकणाऱ्याची वस्तू घेऊन बोलणारा मनुष्य आणि स्वतःच्या पैशांनी घेऊन बोलणारा मनुष्य, या दोघांच्या शब्दांना तो सारखेच वजन देणार नाही; आणि कोणाला किती वजन द्यावयाचे हे ठरविण्याचा हक्क त्याचा आहे. आपल्या देशात याविषयी नियमही झाले आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ९ जून २०२२ रोजी फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि जानेवारी २०२३ मध्ये समाजमाध्यमांवर वस्तूंची शिफारस करणाऱ्यांसाठी केंद्र सरकारने सोप्या भाषेतील सूचना प्रसिद्ध केल्या. पैसे, फुकट वस्तू, सवलत, किंवा विकणाऱ्याशी नाते असे काही असेल तर ते स्पष्ट सांगावे. शिफारस ज्या भाषेत असेल त्याच भाषेत सांगावे. आणि चित्रफीत असेल तर ते तोंडाने बोलावे व पडद्यावरही दाखवावे, खालच्या मजकुरात दडवू नये, असे त्यांत म्हटले आहे. ऐंशी शब्दांत यासाठी पाच-सहा शब्द पुरतात. आम्ही ते अगदी आरंभी घातले.

एवढी तयारी झाल्यावर संहिता लिहिण्यास एक तासही लागला नाही. ती येथे देतो. बोलावयाची असल्यामुळे तिची भाषा बोलण्यातील आहे.

पहिले आठ सेकंद: “ही दहा हजारांची पॉवर बँक. किंमत नऊशे रुपये. खामगावच्या दुकानदाराने पंधरा दिवस उसनी दिली. मोबदला घेतला नाही.”

सतराव्या सेकंदापर्यंत: “चांगले काय? दहा टक्क्यांवरचा मोबाइल एकदा पूर्ण भरला, दुसऱ्यांदा पंचावन्न टक्क्यांपर्यंत आला. वजन सव्वादोनशे ग्रॅम, खिशात मावते.”

अठ्ठाविसाव्या सेकंदापर्यंत: “वाईट काय? छोटा दिवा जोडला तर दोन मिनिटांत आपोआप बंद होते, तीनदा पाहिले. स्वतः भरायला पाच तास लागतात, जुन्या चार्जरने दहा.”

शेवटचे बारा सेकंद: “कोणी घ्यावी? रोज एसटीने जाणाऱ्याने, वारीला पायी निघालेल्याने. कोणी घेऊ नये? वीज गेल्यावर दिव्याखाली अभ्यास करणाऱ्याने. त्याने त्याच पैशांत बॅटरी असलेला दिवा घ्यावा.”

हे अठ्ठ्याहत्तर शब्द झाले. घड्याळ लावून वाचले तेव्हा एकोणचाळीस सेकंद लागले.

निवाड्याविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण सर्वांत अधिक खोडाखोड तेथेच झाली. पहिल्या मसुद्यात ‘सर्वांनी घ्यावी’ असे होते. दुसऱ्यात ‘ज्याला गरज असेल त्याने घ्यावी’ असे झाले. हे दुसरे वाक्य सावध दिसते, पण त्यातून काहीच कळत नाही. गरज असणारा मनुष्य कोण, हेच तर ऐकणाऱ्यास जाणून घ्यावयाचे असते. म्हणून आम्ही मुलांस सांगितले की, आपल्या जिल्ह्यातील माणसे डोळ्यांपुढे आणा. मेहकरहून बुलढाण्यास रोज एसटीने कॉलेजात जाणारी मुलगी सायंकाळी परतेपर्यंत मोबाइल संपवून बसते. तिला दीड वेळा भरणे पुरून उरते. शेगावहून पंढरपूरच्या वारीस महिनाभर पायी जाणाऱ्या आजोबांना मुक्कामी रात्रभर पेटी भरता आली, तर तिची मंद गती आड येत नाही, आणि हलके वजन उपयोगी पडते. रात्रीच्या पाळीने येणाऱ्या विजेवर मोटार चालू करावयास शेतात जाणाऱ्या बाबांना मात्र मोबाइलच्या उजेडापेक्षा चांगली हातबत्तीच हवी. आणि आमच्या त्या विद्यार्थ्यास ही पेटी मुळीच नको होती. याप्रमाणे माणसे समोर आली तेव्हा निवाडा आपोआप दोन भागांत पडला. ‘कोणी घेऊ नये’ हा भाग गाळला, तर त्याच्यासारख्या एखाद्याचे नऊशे रुपये पुन्हा वाया जातील, हे कोणास समजावून सांगावे लागले नाही.

एक मर्यादा आम्ही मान्य केली पाहिजे. पंधरा दिवसांत कोणतीही बॅटरी म्हातारी होत नाही. काही शे वेळा भरून रिकामी झाल्यावर तिचा साठा हळूहळू घटतो, हे सर्वांस ठाऊक आहे. ही पेटी वर्षानंतर कशी चालेल, हे आमच्या परीक्षणावरून सांगता येणार नाही. म्हणूनच संहितेत ‘टिकाऊ’ किंवा ‘मजबूत’ हे शब्द कोठेही आले नाहीत. ‘पंधरा दिवस’ हे शब्द मात्र आहेत, आणि आम्ही किती काळ पाहिले हे त्यांवरून ऐकणाऱ्यास कळते.

चित्रफीत तयार झाल्यावर ती प्रथम दुकानदारांस दाखविली. त्यांनी ती शांतपणे पाहिली आणि म्हणाले, “सर, बाकी सारे खरे आहे. पण तो दिव्याचा भाग तेवढा गाळा ना. दिवे लावायला ही घेतो कोण?” आमच्याबरोबर तो विद्यार्थीही होता. तो हळूच म्हणाला, “काका, मी घेतली होती.” दुकानदार काही वेळ बोलले नाहीत. आम्ही तो भाग गाळला नाही. पुढे त्या दुकानातून परीक्षणासाठी दुसरी वस्तू आम्हांस मिळाली नाही, आणि आम्हीही मागितली नाही. पुढील परीक्षणे मुलांनी घरात आधीच विकत घेतलेल्या वस्तूंची केली: मिक्सर, हातबत्ती, फवारणीचा बॅटरीपंप. तेव्हा असे दिसले की, या वस्तू अधिक बऱ्या. कारण त्या दोन-दोन वर्षे वापरलेल्या होत्या, आणि त्यांचे दोष आईबाबांस तोंडपाठ होते.

असो. त्या विद्यार्थ्याने आपली पेटी विकली नाही. त्याची बहीण यंदा एसटीने कॉलेजात जाऊ लागली आहे. पेटी तिच्या पिशवीत असते. त्याच्या टेबलावर आता आतच बॅटरी असलेला एक दिवा आहे. तो घेण्यापूर्वी त्याने दुकानातच दहा मिनिटे लावून ठेवला होता, असे त्याने आम्हांस सांगितले.